पश्चिमेच्या भिंतीवरचे लाकडी फिन : रेंडरमधली सावली मे महिन्यात तशीच पडेल का?

गंजगोलाई

नमस्कार मंडळी. लातुरात एका दुमजली अभ्यासिकेचं काम आमच्या ऑफिसात चालू आहे. रस्त्याकडची भिंत पश्चिमेला, 12 मीटर लांब आणि साधारण साडेसहा मीटर उंच. मागे फिक्या रंगाची भिंत आणि मोठ्या काचा, समोर ऊन अडवायला सागवानी उभ्या फळ्या, म्हणजे फिन. फिन 150 मिमी खोल, 40 मिमी जाड आणि मध्यापासून मध्यापर्यंत 200 मिमीवर. सगळे भिंतीला काटकोनात.

संगणकावरचं चित्र, म्हणजे रेंडर, ब्लेंडरमध्ये, त्याच्या सायकल्स इंजिनवर केलं. उजेडासाठी आभाळाच्या गोलाकार फोटोचं एक एचडीआरआय घेतलं आणि सूर्य भिंतीशी 45 अंशांवर येईल असं फिरवलं. त्यामुळे प्रत्येक फिनची रुंद सावली शेजारच्या फिनपर्यंत जवळजवळ पोचते आणि अख्ख्या दर्शनी भागावर काळ्या-उजळ पट्ट्यांची छान लय दिसते. ऑफिसात सगळ्यांना आवडलं.

मालकांनी चित्र पाहून एकच विचारलं, "मे महिन्यात दुपारी चारला पोरं आत बसलेली असतात. तेव्हा अशीच सावली पडंल का?" प्रश्न रास्त आहे आणि अंदाजाने उत्तर द्यायची माझी इच्छा नाही. सावली खरी पडेल असं रेंडर कसं करावं? आणि खरी सावली घेतली तर ही लय राहते का? दोन्ही हवं आहे.

तिरकी_फळी

भाऊ, डिझाइन बरोबर आहे, काळजी करू नका. दक्षिणेला आडव्या पट्ट्या, पूर्व-पश्चिमेला उभे फिन, हे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून शिकवतात. सूर्य पश्चिमेला खाली असतो, छज्जा त्याला अडवू शकत नाही, म्हणून उभे फिन. एचडीआरआय काढा, `Sun Position` ॲड-ऑन लावा, लातूरचे अक्षांश-रेखांश टाका, तारीख 15 मे, वेळ चार. सावली थोडी हलेल, पण पट्ट्या येणारच.

ओळंबा

तिरकी_फळी यांचं पहिलं निम्मं मान्य. खाली आलेल्या सूर्याला छज्जा पुरत नाही हे खरं, आणि ॲड-ऑनचा सल्लाही योग्य. पण "पश्चिमेला उभे फिन" हा नियम सूर्य भिंतीला तिरका येतो असं गृहीत धरतो. लातुरात मे महिन्यात तो तिरका येत नाही, जवळजवळ सरळ समोरून येतो. आकडे मांडून दाखवतो, म्हणजे वादाला जागा उरणार नाही.

लातूरचा अक्षांश 18.4 अंश. मेच्या मध्यात सूर्याची क्रांती, म्हणजे तो विषुववृत्तापासून जितके अंश सरकलेला असतो तो कोन, तीही जवळपास तेवढीच असते. म्हणजे त्या सुमारास मध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येतो आणि दुपारनंतर तो पश्चिमेला उतरताना थोडासा उत्तरेकडे कलत जातो. मध्यान्हानंतर चार तासांनी तो कुठे असतो ते कुणालाही तपासता येईल:

```python
from math import *
lat, dec, H = map(radians, (18.4, 18.4, 60))
alt = asin(sin(lat)*sin(dec) + cos(lat)*cos(dec)*cos(H))
az = acos((sin(dec) - sin(alt)*sin(lat)) / (cos(alt)*cos(lat)))
print(degrees(alt), 360 - degrees(az))
```

यात `H` म्हणजे मध्यान्हानंतरचे तास गुणिले 15. उत्तर येतं उंची 33.4 अंश, दिशा 280.3 अंश. ठीक पश्चिम म्हणजे 270. म्हणजे सूर्य तुमच्या भिंतीच्या समोरच्या रेषेपासून फक्त 10 अंश उत्तरेला आहे.

आता फिनची सावली बाजूला किती सरकेल? खोली गुणिले त्या कोनाचा टॅन. 150 गुणिले 0.18, म्हणजे 27 मिमी. दोन फिनांमधली मोकळी जागा 160 मिमी आहे. त्यातली 27 सावलीत आणि 133 उन्हात. मालकांच्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असं आहे.

तुमच्या चित्रात सूर्य 45 अंशांवर आहे, म्हणून सावली 150 मिमी दिसते. ठीक पश्चिमेच्या भिंतीला मे महिन्यात दुपारी दोनपासून पाचपर्यंत हा कोन 17 अंशांच्या वर जातच नाही. 45 अंश त्या महिन्यात त्या वेळेत तिथे येत नाहीत.

वेळेचंही एक ध्यानात ठेवा. आपली प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची, लातूर 76.6 वर. त्यामुळे आपला मध्यान्ह घड्याळात उशिरा होतो, मेच्या मध्यात साधारण 12:20 ला. मी वर काढलेली स्थिती म्हणजे घड्याळातले 4:20. ॲड-ऑन हे स्वतः सांभाळतं, फक्त त्यात `UTC Zone` 5.5 असायला हवा.

मांजराकाठ

लई चांगली माहिती चाललीय. माझं बी असंच हाय. औशाला आमच्या घरात पश्चिमेची खोली हाय, उन्हाळ्यात चारनंतर तिथं बसवंना. वडिलांचं जुनं माळवदाचं घर होतं, त्यात हा त्रास कधी नव्हता, भिंतीच दोन हात जाड अन् खिडकी एवढीशी. नव्या घराला सहा फुटी काच लावलीय. हे लाकडी फिन लावले तर खोली गार होईल का? अन् आतून पडदा लावला तर चालंल का?

ओळंबा

मांजराकाठ, इथली चर्चा चित्रातल्या सावलीची आहे, पण तुमचा प्रश्नही त्याच सूर्याचा आहे. आतून पडदा लावला तर ऊन काचेतून आत आलेलंच असतं, पडदा तापतो आणि खोलीही तापते. अडवायचं ते काचेच्या बाहेर. एका खिडकीसाठी फिनांचा खर्च करू नका. बाहेरून बांबूची चिक सोडा, दुपारी दोनला खाली, सूर्य मावळला की वर. काटकोनातले उभे फिन तर मुळीच नकोत, कारण वर लिहिलंय तेच.

गंजगोलाई

सर, ॲड-ऑन लावून पाहिलं. सावली तुम्ही म्हणता तेवढीच, फिनच्या कडेला बारीक रेघ. दर्शनी भाग एकदम सपाट दिसायला लागला. नुसते फिन दिसतात, सावली दिसतच नाही. गंमत म्हणजे तारीख 21 डिसेंबर केली की रुंद पट्ट्या परत येतात.

मग फिन काढून आडव्या पट्ट्या घ्याव्यात का?

ओळंबा

डिसेंबरचं बरोबर आहे. त्या दिवशी मध्यान्हानंतर चार तासांनी सूर्य 237 अंशांवर असतो, म्हणजे भिंतीच्या समोरच्या रेषेपासून 33 अंश दक्षिणेला. सावली 98 मिमी पडते. काटकोनातले फिन पश्चिमेला हिवाळ्यात ऊन अडवतात आणि उन्हाळ्यात येऊ देतात. आपल्याला नेमकं उलटं हवं.

आडव्या पट्टीचं गणित वेगळं. तीच 150 मिमीची फळी आडवी धरली तर मेच्या मध्यात 2:20 ला तिची सावली खाली 280 मिमी उतरते, 3:20 ला 165, 4:20 ला 100 आणि 5:20 ला 54. म्हणजे 200 वर पट्ट्या ठेवल्या तर सव्वातीनपर्यंत मागची भिंत जवळजवळ पूर्ण सावलीत, आणि नंतर ऊन पट्ट्यापट्ट्यांनी वाढत जातं. ही लय दुपारभर बदलत राहते, ती चित्रात छान दिसते. पण मुलांच्या डोळ्यासमोर आडव्या फळ्या येतील, बाहेरचं काही दिसणार नाही.

तिसरा मार्ग आहे, आणि माझा कल तिकडे आहे: फिन उभेच ठेवायचे, पण वळवायचे. अहमदाबादला गिरणी मालक संघाची इमारत आहे, ल कॉर्ब्युझिए यांची, 1954 मध्ये पूर्ण झालेली. तिच्या पूर्वेच्या बाजूचे काँक्रीटचे फिन भिंतीला काटकोनात आहेत आणि रस्त्याकडच्या, पश्चिमेच्या बाजूचे तिरके. त्याच इमारतीत दोन दिशांना दोन उत्तरं.

तुमच्याकडे फिनचं बाहेरचं टोक दक्षिणेकडे 45 अंश वळवा. मेमधलं ऊन उत्तरेच्या बाजूने येतं, ते फिनच्या रुंद अंगावर आदळतं. फळीची जाडी धरून हिशेब केला तर दर 200 मिमीमागे साधारण 150 सावलीत जातात, 50 उन्हात राहतात. काटकोनात असताना 133 उन्हात होते. डिसेंबरात ऊन नैर्ऋत्येकडून येतं, जवळजवळ फिनांना समांतर, म्हणून ते आत शिरतं आणि 117 मिमीची उजळ पट्टी मिळते. थंडीच्या दिवसांत अभ्यासिकेला ते चालेल.

हे करण्याआधी एक काम मात्र करा. मी सगळं ठीक पश्चिम धरून काढलंय. भिंत खरंच ठीक पश्चिमेला आहे का, ते जागेवर मोजा. नकाशावरच्या उत्तर-बाणावर विसंबू नका, आणि मोबाइलच्या होकायंत्रावरही नको, सळईजवळ तो भरकटतो. ओळंबा टांगा, त्याच्या दोरीची सावली मध्यान्ही जमिनीवर आखा, ती खरी दक्षिणोत्तर रेषा. आता जानेवारीच्या शेवटी लातुरात मध्यान्ह 12:37 च्या आसपास होतो. मेमध्ये हे करता येणार नाही, सूर्य डोक्यावर असतो आणि दोरीला सावलीच राहत नाही.

उजेड

मी मूळचा परभणीचा, पुण्यात रेंडरिंगचंच काम करतो. कोनांचं ओळंबा सरांनी मिटवलं. पण कोन बरोबर आले तरी चित्र खोटं वाटू शकतं. गंजगोलाई, तुमच्या पहिल्या चित्रात मला तीन गोष्टी दिसल्या.

पहिली, सावल्या फिक्या आणि कडा मऊ आहेत. याचं कारण एचडीआरआय. पुष्कळ फायलींत सूर्याची तीव्रता वरून कापलेली असते, त्यामुळे सूर्य आहे पण त्यात जोर नाही. सूर्यासाठी वेगळा दिवा घ्या आणि त्याचा `Angle` 0.526 अंशांवर ठेवा, सूर्य आकाशात साधारण तेवढाच दिसतो. त्या आकारामुळे सावलीची कड जेवढी धूसर होते ती अंतराच्या शंभराव्या भागापेक्षाही थोडी कमी असते. 150 मिमी खोल फिनच्या सावलीची कड दीड मिलिमीटरच धूसर, म्हणजे तुमच्या चित्रात ती धारदारच दिसायला हवी. उलट समोर लिंबाचं झाड असेल आणि त्याची फांदी भिंतीपासून सहा मीटरवर असेल, तर तिची सावली पाच-साडेपाच सेंटिमीटर विरघळलेली. धारदार आणि विरघळलेली अशा दोन्ही सावल्या एकाच भिंतीवर दिसल्या की डोळा चित्रावर विश्वास ठेवतो. सगळ्याच सारख्या मऊ असतील तर काहीतरी चुकतंय हे न समजताही जाणवतं.

आणि वेगळा दिवा लावल्यावर एचडीआरआयमधला सूर्य शिल्लक ठेवू नका. दोन सूर्य झाले की फिनच्या गडद सावलीशेजारी दुसरी फिकी सावली पडते. फिनांच्या गर्दीत ती पटकन लक्षात येत नाही. भिंतीवरच्या एखाद्या सुट्या नळाची किंवा दिव्याची सावली बघा, दोन दिसल्या तर तेच कारण. `Sky Texture` वापरणार असाल तर त्यातला `Sun Disc` बंद करा, किंवा दिवा काढा, दोन्हीपैकी एकच.

दुसरी, जमीन. तुमच्या चित्रात इमारतीसमोर पांढुरकं सपाट पटल आहे. त्यावरून उजेड उसळून फिनांच्या सावलीतल्या बाजूवर आणि छज्जाच्या खालच्या अंगावर पडतो आणि सगळ्या सावल्या धुऊन जातात. लातुरात समोर काय आहे? रस्त्यापलीकडे मोकळा प्लॉट असेल तर काळी माती. ती पडणाऱ्या उजेडातला दहा-पंधरा टक्केच परत देते. अंगणात शहाबादी फरशी असेल तर त्याहून बराच जास्त. अंगणाच्या रुंदीइतकी फरशी आणि पुढे माती असं खरं ठेवा. सावली गडद होईल आणि तिच्या खालच्या भागात फरशीचा थोडा उजेड दिसेल. हे कुणी मुद्दाम पाहत नाही, पण नसलं तर चित्र प्लास्टिकचं वाटतं.

तिसरी, आभाळ. मे महिन्यात मराठवाड्याचं आभाळ निळंभोर नसतं, धुळीने पांढुरकं असतं. `Sky Texture` मध्ये धुळीचं प्रमाण वाढवा. ऊन किंचित पिवळसर होईल, सावलीतला निळा रंग कमी होईल. आणि सागवानाला लागून असलेल्या सावलीत लाकडाची तांबूस झाक उतरते, ती येऊ द्या, उजेडाच्या उसळ्या कमी करून मारू नका.

सुतारवाडा

नांदेडला आमचं लाकडाचं काम आहे, किनवटकडचं सागवान आम्ही वर्षानुवर्षं वापरतो. संगणकातलं मला कळत नाही. पण चित्रात ज्या फळ्या दाखवल्यात तशा उभ्या राहणार नाहीत, म्हणून लिहितो.

सहा इंची, दीड इंच जाड फळी साडेसहा मीटर अखंड मिळत नाही. मिळाली तरी एका बाजूने ऊन खाते आणि पीळ घेते. मजल्याच्या पातळीवर सांधा द्यावाच लागेल, तिथं बोटभर फट ठेवायची आणि मागे लोखंडी पट्टीचा आधार. फळीचं कापलेलं डोकं वर उघडं ठेवलं तर पाणी आत मुरतं, त्यावर पत्र्याची टोपी बसवायची. ही फट आणि टोपी चित्रात दाखवा. मालकाला आधीच दिसली की नंतर भांडण होत नाही.

दुसरं, रंग. चित्रातल्या सगळ्या फळ्या एकाच रंगाच्या, एकच गाठ एकाच उंचीवर. झाड असं नसतं. आणि बाहेर लावलेलं सागवान तेलपाणी केलं नाही तर उन्हा-पावसात राखाडी होतं, दक्षिणेला-पश्चिमेला आधी. छज्जाच्या आडोशाला वरचा हातभर भाग तसाच तांबूस राहतो, खालचा करडा. तेल लावायचं तर ते चुकवून चालत नाही, 61 फळ्यांना दोन मजले परांची बांधून. मालकाला हे विचारा आधी.

आडव्या पट्ट्यांबद्दल माझं मत नको असं. त्यावर धूळ बसते, पहिल्या पावसात तिचा चिखल होतो, पाणी थांबतं आणि कबुतरं बसतात. उभी फळी पाणी सोडून देते.

गंजगोलाई

सुतारवाडा मामा, हे कुणी सांगितलंच नव्हतं. सांधा पहिल्या मजल्याच्या स्लॅबच्या रेषेत घेतो, म्हणजे तो मुद्दाम ठेवलेला दिसेल. पोतही फळीगणिक वर-खाली सरकवतो आणि रंगात थोडा फरक देतो.

उजेड, जमीन बदलल्याबरोबर सावली जिवंत झाली. पण आता नवी अडचण. चित्रातले दाणे, म्हणजे आवाज, घालवायला डीनॉइझर लावला की फिनांच्या कडा चांगल्या राहतात आणि त्यांच्या सावल्या मात्र पुसट होतात. काही ठिकाणी दोन सावल्या एकमेकींत मिसळल्या.

उजेड

बरोबर, तसंच होतं. डीनॉइझरला आधार म्हणून रंगाचा आणि पृष्ठभागाच्या दिशेचा पास मिळतो. फिनची कड त्या दोन्हींत असते, म्हणून ती वाचते. सावली मात्र सपाट, एकरंगी भिंतीवर पडते, ती त्या पासांमध्ये नसतेच. डीनॉइझरच्या लेखी ती रेघ आणि आवाज सारखेच.

तुमची 12 मीटरची भिंत चित्रात 1500 पिक्सेल व्यापत असेल तर एका मीटरला 125 पिक्सेल येतात. 27 मिमीची सावली म्हणजे जेमतेम साडेतीन पिक्सेल. तेवढ्यात तो चुकणारच. सॅम्पल वाढवा आणि चित्र दुप्पट रुंदीचं काढा, डीनॉइझ करा, मग लहान करा. लहान करताना चांगला फिल्टर वापरा, नाहीतर फिनांच्या जाळीतून लाटांसारखे पट्टे उठतात. मालक चित्र मोबाइलवर बघणार असतील तर त्या आकाराचं वेगळं चित्र स्वतः करून पाठवा, मोबाइलवर सोडू नका.

आणि कॅमेरा. तुम्ही तो वायव्येकडे ठेवलाय, म्हणजे मेमधल्या सूर्याच्याच बाजूला. तिथून प्रत्येक सावली आपल्या फिनच्या मागे लपते. नैर्ऋत्येकडे या, सावल्या उघड्या होतील.

तिरकी_फळी

गणित पटलं, पण माझा मुद्दा वेगळा आहे. मे महिन्यातली चारची वेळ ही त्या इमारतीची सगळ्यात वाईट घटका. तीच का दाखवायची? डिसेंबरातली काटकोनी फिनांची सावलीही खरीच आहे, तिथं कुणी खोटं केलेलं नाही. तारीख-वेळ चित्राखाली लिहा आणि सुंदर दिसेल तो दिवस निवडा. सादरीकरणाचं चित्र आणि उन्हाचा अभ्यास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ओळंबा

वेगळ्या आहेत, हे मान्य. पण इथे मालकांनी मेचं विचारलंय. त्यांना डिसेंबरचं चित्र दिलं तर खाली तारीख लिहूनही ते मेचंच समजून घरी जातील. त्यांच्या प्रश्नाचं चित्र आधी, बाकीची नंतर.

तिरकी_फळी

मग दोन्ही शेजारी ठेवा. फक्त मेचं ठेवलं तर ते फिनच रद्द करतील आणि काळी काच लावतील. असं झालेलं मी पाहिलंय, आणि ती इमारत आत भट्टीसारखी तापते. सुंदर चित्रामुळे निदान फिन तरी टिकतात.

गंजगोलाई

आज जागेवर जाऊन ओळंबा टांगला. 12:37 ची सावली आखली आणि भिंतीच्या दोरीशी कोन मोजला. भिंत ठीक पश्चिमेला नाही! तिचं तोंड पश्चिमेपासून 15 अंश दक्षिणेकडे आहे. नकाशातला उत्तर-बाण रस्त्याला समांतर धरलेला होता, आणि रस्ताच तिरका आहे. आता सगळं परत काढावं लागेल ना?

ओळंबा

काढावं लागेल, आणि निकाल तुमच्या बाजूने बदलतो. भिंतीचं तोंड आता 255 अंशांना. मेमधला सूर्य 280 वर, म्हणजे समोरच्या रेषेपासून 25 अंश उत्तरेला. काटकोनातल्या फिनची सावली 27 ऐवजी 71 मिमी. 160 च्या मोकळ्या जागेत 89 मिमी ऊन राहतं. डिसेंबरात सूर्य 18 अंश दक्षिणेला, सावली 50 मिमी. म्हणजे आता उन्हाळ्यातली सावली हिवाळ्यापेक्षा रुंद आहे.

45 अंश वळवायची गरज राहिली नाही. बाहेरचं टोक दक्षिणेकडे 30 अंश वळवलं तर मेमध्ये दर 200 मागे 38 मिमीच ऊन, डिसेंबरात 127. ब्लेंडरमध्ये इमारत फिरवू नका. ती आहे तशी ठेवून ॲड-ऑनमधल्या `North Offset` मध्ये 15 अंश द्या. मात्र खूण उलटी पडली तर सूर्य भिंतीच्या दुसऱ्या बाजूला सरकतो आणि चित्र तरीही ठीकच दिसतं. म्हणून वरच्या कोडमधला 280.3 चा आकडा आणि चित्रातली सावली जुळते का ते एका फिनवर मोजून बघा. मे महिन्यात सावली फिनच्या दक्षिणेकडे 71 मिमी, काटकोनात असताना. तेवढी आली की मग फिन वळवा.

सुतारवाडा

30 अंश वळवायचं तर भिंतीवर सरळ कोनपट्टी चालणार नाही. प्रत्येक फळीला वाकवलेली पाटी लागेल, 61 फळ्यांना सांध्यासकट मजल्यागणिक दोन-दोन. सगळ्या एकाच साच्यात वाकवून घ्या. एखादी दोन-तीन अंश इकडेतिकडे झाली तर खालून बघताना लगेच कळतं, सावलीची रेघ वाकडी दिसते. मी म्हणेन आधी पाच फळ्या खऱ्या लावून बघा.

गंजगोलाई

30 अंशांचं रेंडर केलं. 71 मिमीची तपासणी आधी केली, जुळली. नैर्ऋत्येच्या कॅमेऱ्यातून बघताना मेमध्ये मागची भिंत जवळजवळ पूर्ण सावलीत आहे आणि त्यात चार बोटांपेक्षाही अरुंद उन्हाच्या पट्ट्या. आधी काळ्या पट्ट्यांची लय होती, आता उजळ पट्ट्यांची आहे. मला ही जास्त आवडली. फिनांच्या उत्तरेच्या अंगावर ऊन तिरपं घसरतं, त्यामुळे लाकडाच्या रेषाही उठून दिसतात.

मालकांना मे आणि डिसेंबर दोन्ही शेजारी देतोय, तारीख आणि घड्याळातली वेळ चित्रावरच लिहून. पाच फळ्यांचा नमुना ते करायला तयार आहेत का ते विचारतो. तेलाचं मात्र ठरलेलं नाही. राखाडी पडलेल्या लाकडाचं तिसरं चित्र करावं असं वाटतंय. सुतारवाडा मामा, किती वर्षांनी तेवढा रंग जातो, आणि छज्जाखालचा पट्टा किती रुंद राहतो, म्हणजे ते अंदाजाने रंगवावं लागणार नाही?

सुतारवाडा

पहिल्या पावसाळ्यानंतरच उतरायला लागतो. पुढचं जागेवर, पाण्यावर आहे, आकडा देणार नाही. नांदेडला आमच्या वखारीच्या पश्चिमेला तेल न लावलेल्या सागवानी फळ्या उभ्या आहेत, वर पत्र्याचा छज्जा आहे. उद्या दुपारी चारला त्यांचे फोटो काढून इथं टाकतो, शेजारी फूटपट्टी धरून.

मांजराकाठ

फोटो टाका मामा, मला बी बघायचेत. चिक आणलीय, फाल्गुनात लावतो. अन् माझ्या खिडकीचं तोंड नेमकं कुठं हाय ते बी ओळंबा टांगून बघणार हाय.